सोशल मीडियाचं महिन्याचं काम: रिटेनर किती सांगायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी गेली आठ वर्षं नाशकात दुकानं, दवाखाने आणि दोन मिसळवाल्यांची इन्स्टाग्राम-फेसबुकची पानं सांभाळते. नव्याने या धंद्यात आलेली मुलं-मुली मला फोन करून जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: कॉलेज रोडवरचं एक साड्यांचं दुकान. पैठणी आणि लग्नाच्या साड्या हा त्यांचा मुख्य माल. दुकानावर शेठ आणि वहिनी, हाताखाली दोन मुली. दुकानाचं नाव सांगत नाही, आकडे मात्र माझ्या वहीतले आहेत, सोपे व्हावेत म्हणून थोडे गोल केलेले.

रिटेनर म्हणजे नक्की काय? पोस्ट मोजून पैसे धरले तर काय बिघडतं?

रिटेनर म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम आणि त्या बदल्यात ठरलेलं काम. ते संपत नाही, दर एक तारखेला पुन्हा सुरू होतं. लग्नपत्रिकेचं डिझाइन करून दिलं की विषय संपतो, तसं इथे होत नाही.

पोस्ट मोजून भाव केला की पोस्टच्या आजूबाजूचं सगळं काम फुकटात जातं. माझ्या पहिल्या क्लायंटला मी ‘बारा पोस्ट, सहा हजार’ असं सांगितलं होतं. पोस्टमागे पाचशे रुपये मिळतात, छान आहे, असं तेव्हा वाटलं. तिसऱ्या महिन्यात सहज म्हणून वेळ लिहून ठेवला तर महिनाअखेर एक्केचाळीस तास भरले. म्हणजे तासाला १४६ रुपये, आणि त्यातच पेट्रोल. त्या एक्केचाळीस तासांत पोस्ट बनवायला जेमतेम पंधरा तास गेले होते. बाकीचे गेले फोटो मिळवण्यात, ‘जरा लोगो मोठा करा’मध्ये, मेसेजना उत्तरं देण्यात आणि बिलाच्या मागे लागण्यात.

मग सुरुवात कुठून करायची?

क्लायंटकडे बघायच्या आधी स्वतःच्या घराकडे बघा. तुमचा एक तास तुम्हालाच केवढ्याला पडतो, हे माहीत नसेल तर समोरचा जो आकडा म्हणेल तो बरोबरच वाटतो.

माझी मांडणी अशी आहे. घरखर्चाला आणि बचतीला महिन्याला ४५,००० हवेत. धंद्याचा खर्च वेगळा: लॅपटॉप आणि फोन तीन-चार वर्षांत बदलावे लागतात, त्याचे महिन्याला २,५००, इंटरनेट-मोबाइल १,३००, डिझाइन आणि एडिटिंगच्या अॅपचं भाडं १,५००, सीएची फी १,०००, पेट्रोल २,०००, आरोग्य विम्याचा हप्ता १,७००. झाले ५५,०००. त्यावर आयकर आणि एखादा क्लायंट अचानक गेला तर लागणारी गंगाजळी म्हणून १०,०००. एकूण ६५,०००.

आता तास. महिन्याचे पंचवीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे दोनशे. पण दोनशे तासांचे पैसे कुणी देत नाही. नव्या लोकांना भेटणं, कोटेशन बनवणं, बिलं, नवीन फीचर शिकणं, गंगापूर रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहणं, हे सगळं तुमच्या खात्यात. माझे बिलात बसणारे तास १२० च्या वर कधी गेले नाहीत. वर्षात एक महिना सणवार, आजारपण, लग्नकार्य यांत जातो. त्यामुळे सरासरी ११० धरते.

६५,००० भागिले ११० म्हणजे ५९१. मी ६०० म्हणते. हा माझा तळ. याखाली काम घेतलं तर मी क्लायंटला पदरचे पैसे देते आहे. भाव सांगताना मी ७०० धरते, कारण अंदाज चुकतो, आणि तो नेहमी एकाच बाजूला चुकतो.

तुम्ही आई-वडिलांच्या घरी राहत असाल तर तुमचा तळ ३०० असेल, दोन मुलं शाळेत असतील तर ९०० असेल. माझा आकडा उचलू नका, रीत उचला.

साड्यांच्या दुकानाला किती तास लागले, ते सांगाल?

वहिनींची मागणी अशी होती: महिन्याला आठ फोटो-पोस्ट, चार रील, रोजची स्टोरी दुकानातली मुलगी टाकेल, आणि ‘मेसेजचं तेवढं तुम्हीच बघा’. मी घरी येऊन हे लिहिलं:

- महिन्याचं नियोजन आणि वहिनींबरोबर बैठक: अडीच तास
- दुकानात शूट, जाणं-येणं आणि लाइट लावणं धरून: ५ तास
- चार रीलचं एडिटिंग: ७ तास
- आठ पोस्ट, म्हणजे फोटो निवडणं, डिझाइन, मराठी मजकूर: ६ तास
- मंजुरी आणि बदल: ३ तास
- शेड्युल करणं, गुगलवरच्या दुकानाच्या पानावर फोटो चढवणं: दीड तास
- कमेंट आणि मेसेज, रोज वीस मिनिटं: ८ तास
- महिनाअखेरचा अहवाल: दीड तास
- बिल, फोन, पाठपुरावा: दीड तास

बेरीज छत्तीस तास. सातशेच्या दराने २५,२०० रुपये. माझ्या तळाच्या दरानेसुद्धा २१,६००.

शूटचे पाच तास पाहून नवखे चकित होतात. साडीचं शूट म्हणजे निव्वळ फोटो काढणं नव्हे. घडी मोडायची, पदर पसरायचा, निऱ्या लावायच्या, आणि फोटो झाल्यावर तीच घडी जशीच्या तशी घालून द्यायची. पैठणीची घडी वेडीवाकडी पडली तर वहिनींचा चेहरा बघवत नाही. शिवाय रंग. दुकानातल्या पांढऱ्या एलईडीखाली जांभळी साडी निळसर दिसते. ग्राहक फोटो पाहून येते आणि म्हणते, ‘ही ती नाहीच’. म्हणून आम्ही दारातल्या उजेडात सकाळी साडेदहापर्यंत शूट उरकतो. हा धडा मला पहिल्याच महिन्यात मिळाला. चार पोस्टवर ‘ताई, प्रत्यक्षात रंग जरा गडद आहे’ असा मेसेज आला आणि चारही फोटो पुन्हा काढावे लागले. ती दुपार कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हती.

क्लायंटचं बजेट पंधरा हजार असेल तर पंचवीस हजारांचं काम कसं बसवायचं?

तेवढंच काम कमी पैशात करायचं नाही. काम कापायचं. बहुतेक जण इथे घसरतात. समोरून ‘जरा बघा ना’ आलं की काम तेवढंच ठेवून आकडा खाली आणतात. मग तिसऱ्या महिन्यापासून मनातल्या मनात चिडचिड सुरू होते आणि कामात ती दिसते.

शेठ पंधराच्या वर जायला तयार नव्हते. मी वही उघडली आणि सर्वात जड ओळ शोधली. ती होती मेसेजची, आठ तासांची. साडीच्या पोस्टखाली ‘प्राइस प्लीज’, ‘किंमत?’, ‘अव्हेलेबल?’ हे दिवसभर येत राहतं. पण उत्तर देणार कोण? ती साडी सकाळीच विकली गेली की नाही, हे मला इंदिरानगरात घरी बसून कसं कळणार? मी दुकानात फोन करणार, मुलगी कपाट बघणार, मला सांगणार, मी ग्राहकाला सांगणार. वीस मिनिटांचं काम तिघींचं होतं आणि तोवर ग्राहक दुसऱ्या दुकानात गेलेली असते.

म्हणून मेसेज दुकानातल्या मुलीकडे दिले. तिला व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये तयार उत्तरं भरून दिली: दुकानाचा पत्ता आणि वेळ, कुरिअरचा खर्च, पैठणीच्या किमती कुठपासून सुरू होतात, ब्लाऊज शिवून मिळतो का. मी फक्त आठवड्यातून एकदा नजर टाकते आणि तक्रारीची कमेंट असेल तर कळवते. आठाचे दीड तास झाले, आणि खरं सांगायचं तर उत्तरंही आधीपेक्षा लवकर जाऊ लागली.

मग रील चाराच्या दोन केल्या, पोस्ट आठाच्या सहा. माल कमी असल्याने शूट चार तासांत बसलं. बदलांची मर्यादा घातली, तिथे दीड तास वाचला. नियोजन, शेड्युल, अहवाल आणि बिल होतं तसंच. नवी बेरीज बावीस तास. सातशेने १५,४००. मी १५,५०० सांगितले, शेठनी पाचशे कमी करायला लावले, कारण पाचशे कमी केल्याशिवाय शेठना जेवण जात नाही. पंधरा हजारांवर ठरलं. बावीस तासांचा माझा तळ १३,२०० होता, म्हणजे मी सुरक्षित होते.

तास क्लायंटला दाखवायचे का?

मी दाखवत नाही. तास दाखवले की चर्चा ‘एका पोस्टला पाऊण तास कशाला?’ इथे अडकते. वही माझी, क्लायंटच्या कागदावर फक्त वस्तू आणि मर्यादा. काही मित्र तास उघड ठेवतात आणि त्यांचं बरं चालतं. पण त्यांचे क्लायंट अंबड-सातपूरचे कारखानदार आहेत, त्यांना मशीनचा तासाचा दर समजतो. किराणा, कपडे, हॉटेल या धंद्यांत नगावर भाव होतो. समोरच्याच्या हिशेबाची भाषा वापरलेली बरी.

‘जरा एवढं बदला’ हे कसं थांबवायचं?

पूर्ण थांबत नाही, त्याला दार बसवता येतं. माझ्या कागदावरच्या ओळी जशाच्या तशा देते:

‘महिन्याचा मजकूर आणि फोटो २५ तारखेपर्यंत एकत्र पाठवले जातील. बदल एकाच व्यक्तीने, एकाच मेसेजमध्ये, तीन दिवसांत सांगावेत. प्रत्येक पोस्टला दोनदा बदल रकमेत धरले आहेत. तीन दिवसांत उत्तर न आल्यास मजकूर मंजूर समजून लावला जाईल. दुकानाच्या सोयीने पुन्हा शूट करावं लागल्यास ३,००० रुपये वेगळे.’

यातला ‘एकाच व्यक्तीने’ हा शब्द सर्वात कामाचा. पहिले दोन महिने वहिनी पोस्ट मंजूर करायच्या, संध्याकाळी शेठ बघायचे आणि रात्री पुण्याला शिकणारा मुलगा फोन करून सांगायचा की फॉन्ट जुनाट वाटतो. तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. आता मंजुरी वहिनींची. मुलाला काही सुचलं तर तो आईला सांगतो. तिकडे काय होतं ते मला माहीत नाही.

नवरात्रात नऊ रंगांच्या पोस्ट करायच्या म्हणतात. त्या रिटेनरमध्येच धरायच्या का?

नाही. आणि हे मी पहिल्या वर्षी शिकले नाही, दुसऱ्या वर्षी शिकले.

‘नऊच तर पोस्ट आहेत’ असं वाक्य येतं. ऐकायला खरंच लहान वाटतं. पण नऊ रंगांच्या साड्या काढून शूट करायला एक अख्खी सकाळ, म्हणजे चार तास. नऊ पोस्ट पाऊण तासाने पावणेसात तास. झाले जवळपास अकरा तास, तुमच्या नेहमीच्या महिन्याच्या निम्मे. शिवाय ही पोस्ट उशिरा चालत नाही. उद्याचा रंग आज संध्याकाळी सातच्या आत लागला पाहिजे, कारण बायका रात्रीच उद्याची साडी काढून ठेवतात. सकाळी नऊला लावलेल्या पिवळ्या रंगाच्या पोस्टचा उपयोग पुढच्या वर्षीच.

म्हणून मी वर्षाच्या सुरुवातीलाच कागदावर वेगळी ओळ टाकते: नवरात्राचा संच ७,५००, दिवाळीचा संच वेगळा, लग्नसराईचा लागला तर वेगळा. आयत्या वेळी सांगितलं की ते जास्तीचे मागितल्यासारखं दिसतं, आधी लिहिलेलं असलं की तो नुसता भाव असतो. सहा-सात हजारांवरून शेठशी वाद घालायचा असेल तर तो मे महिन्यात घालावा, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी नाही.

मिसळवाल्याकडे हीच गोष्ट रंगपंचमीला होते. रहाडीवरून, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदावरून, भिजून आलेली गर्दी दुकानासमोर उभी असते आणि त्याला त्याच दिवसाची रील त्याच दिवशी हवी असते. प्रत्येक धंद्याचा हंगाम वेगळा, तो आधी विचारून घ्या.

पितृपक्षात दुकान थंड असतं. ‘हा महिना बंद ठेवू, पैसे पण नको’ म्हणाले तर?

हे दरवर्षी होतं. पितृपक्षात लोक नवे कपडे घेत नाहीत, म्हणून मालकाला वाटतं की पोस्टही नकोत. पण तुमच्यासाठी तोच पंधरवडा सर्वात कामाचा असतो. दुकान रिकामं, मुली मोकळ्या, कपाटं उघडता येतात. नवरात्राच्या नऊही साड्यांचं शूट तेव्हाच होतं. पितृपक्ष संपला की सहसा दुसऱ्याच दिवशी घटस्थापना. तेव्हा शूटला कुणाकडे वेळ नसतो.

मी शेठना सांगितलं, ‘पोस्ट कमी लावते, पण काम बंद नाही.’ कागदावर ओळ अशी आहे: महिना वगळायचा असेल तर तीस दिवस आधी कळवायचं, आणि वर्षातून एकदाच. वगळलेल्या महिन्यात तीस टक्के रक्कम द्यायची, कारण त्यांच्यासाठी राखलेले बावीस तास मी दुसऱ्या कुणाला विकू शकत नाही. मराठी दुकानदाराला हे पटवायला सोपं जातं: दुकान बंद ठेवलं तरी गाळ्याचं भाडं द्यावंच लागतं.

न वापरलेल्या पोस्ट पुढच्या महिन्यात ढकलायच्या का?

चूक माझी असेल तर ढकलते. त्यांनी माल दाखवला नाही, शूटची तारीख तीनदा बदलली, तर जास्तीत जास्त दोन पोस्ट पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, त्यानंतर गेल्या. हे नसेल तर चार महिन्यांच्या साचलेल्या पोस्ट दिवाळीच्या आठवड्यात एकदम अंगावर येतात.

जाहिरातीचे पैसे रिटेनरमध्ये धरायचे की वेगळे?

वेगळे, आणि तुमच्या खात्यातून तर मुळीच नाही. जाहिरात खातं क्लायंटच्या नावाचं, कार्ड किंवा यूपीआय क्लायंटचं, तुम्हाला फक्त काम करण्याची परवानगी. तुम्ही तुमच्या कार्डावरून पाच हजारांची जाहिरात चालवली आणि शेठचा चुकारा दोन महिने थांबला, तर तुम्ही बिनव्याजी सावकार झालात. शिवाय ते पैसे तुमच्या खात्यातून फिरले की सीएला दरवेळी समजावून सांगावं लागतं की यातली कमाई कुठली आणि दुसऱ्याची रक्कम कुठली.

जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो. पाच हजारांच्या जाहिरातीला ९०० रुपये कर, हे मालकाला आधी सांगा, नाहीतर महिनाअखेर ‘नऊशे कुठे गेले’ हा प्रश्न तुम्हाला येतो. दुकानाचा जीएसटी नंबर जाहिरात खात्यात भरला तर नियमित करदात्याला त्याचं क्रेडिट घेता येतं, म्हणजे तो कर स्वतःच्या जीएसटीतून वळता करता येतो.

तुमची जाहिरात चालवण्याची फी ठरीव ठेवा. खर्चाच्या पंधरा टक्के अशी रीत मोठ्या बजेटला शोभते. पाच हजारांचे पंधरा टक्के म्हणजे साडेसातशे, आणि जाहिरात नीट बघायला महिन्याला साडेतीन तास तरी लागतात. मी २,५०० घेते.

पहिल्या महिन्याचे जास्त घ्यावेत का?

हो, एकदाच. जुन्या पानाचा पासवर्ड आधीच्या मुलाकडे असतो, ओटीपी शेठच्या बंद पडलेल्या नंबरवर जातो, गुगलवर दुकानाचं पान दोनदा असतं. साड्यांच्या दुकानात हे निस्तरायला, तयार उत्तरं लिहायला आणि परवानग्या लावायला आठ तास गेले. ५,६०० रुपये सुरुवातीचे म्हणून वेगळे घेतले.

‘कॉलेजातला पोरगा पाच हजारांत करतो’ याला काय उत्तर द्यायचं?

तो खरंच करतो. त्याला खोटं ठरवू नका. पाच हजारांत तयार साच्यात घातलेल्या पोस्ट येतात, सणाच्या शुभेच्छा येतात, आणि ज्याला पान नुसतं जिवंत ठेवायचं आहे त्याला त्या पुरतात. मी शेठना एवढंच विचारलं, ‘तो शूटला येतो का, आणि त्याची परीक्षा कधी असते?’ परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होती. पुढे मला बोलावं लागलं नाही.

ज्याला खरोखर पाच हजारांचंच काम परवडतं, त्याला मी त्या मुलाकडेच पाठवते.

विक्रीवर टक्केवारी घेतली तर?

नको. ग्राहक रील पाहते, आईला दाखवते, आई रविवारी दुकानात येऊन रोखीने साडी घेते. ती कुणामुळे आली याचा हिशेब लागत नाही, आणि न लागणाऱ्या हिशेबावर भागीदारी भांडणात संपते.

जीएसटी आणि टीडीएसचं काय?

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात सहसा जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावायचाही नाही. नोंदणी असेल तर या कामाला १८ टक्के. तेव्हा भाव सांगताना ‘जीएसटी वेगळा’ हे दोन शब्द आकड्याबरोबरच म्हणा. क्लायंट जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असेल तर त्याला क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तुमचे पंधरा हजार त्याला १७,७०० ला पडतात. हे लक्षात घेऊन बोला.

टीडीएस छोटा दुकानदार बहुधा कापत नाही; एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर आदल्या वर्षीची उलाढाल एक कोटीच्या वर असल्यावरच ती जबाबदारी येते. खासगी कंपनी असेल तर कापणार. व्यावसायिक फी धरून दहा टक्के कापले तर पंधराचे साडेतेरा हजार खात्यात येतात. ती सूट नाही, तो तुमचाच कर आधी भरलेला आहे. विवरणपत्र भरताना वळता होतो. पण महिन्याचा घरखर्च साडेतेरावर चालवायचा आहे, हे धरून चाला.

पैसे वेळेवर येण्यासाठी काय करता?

आगाऊ घेते. एक तारखेला बिल, पाचपर्यंत रक्कम, नाही आली तर सहापासून शेड्युल थांबतं. पहिल्यांदा हे सांगताना जीभ अडखळते. पण रिटेनरचा अर्थच वेळ राखून ठेवणं असेल, तर पैसे वेळ संपल्यावर घेऊन कसं चालेल?

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे नोंद, करून ठेवा, ती फुकट आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर प्रत्यक्ष पैसे दिल्याखेरीज बिल देणाऱ्याला तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. शेठना मी हे कधी सांगितलं नाही. त्यांच्या सीएने मार्चमध्ये सांगितलं.

भाव कधी आणि कसा वाढवायचा?

वही सांगेल तेव्हा. दर महिन्याला मिळालेली रक्कम प्रत्यक्ष तासांनी भागा. साड्यांच्या दुकानात सातव्या महिन्यात बावीसच्या जागी सत्तावीस तास लागले. पंधरा हजार भागिले सत्तावीस म्हणजे ५५६, तळाच्या खाली. एक महिना असं झालं तर सोडून देते, एखादं शूट फसतं. आठव्या महिन्यातही तसंच झालं, तेव्हा पाच तास कुठे जातात ते शोधलं: वहिनींनी दुसरी शाखा काढायचं मनावर घेतलं होतं आणि तिच्या पोस्ट हळूच आत शिरल्या होत्या.

मी दोन पर्याय नेले: दुसऱ्या शाखेच्या पोस्ट बाहेर काढून पंधरा हजारच, नाहीतर त्या धरून १९,०००. सत्तावीस तासांचे सातशेने १८,९०० होतात. महिनाभर आधी कळवलं. शेठनी १८,५०० केले. पाचशे गेलेच.

क्लायंट सोडायचा झाला तर?

दोन्ही बाजूंनी तीस दिवसांची नोटीस, हे पहिल्या कागदावर असू द्या. सुरुवातीचे तीन महिने मात्र बांधील, कारण त्याआधी कुणालाच काही कळत नाही. जाताना मूळ फोटो, डिझाइनच्या फाइली, शेड्युल केलेल्या पोस्टची यादी आणि तयार उत्तरं एका फोल्डरमध्ये द्या. खात्यांची मालकी पहिल्या दिवसापासून दुकानाचीच असेल तर तुमची परवानगी काढून टाकायला वहिनींना दोन मिनिटं पुरतात. शेवटचं बिल मात्र फोल्डर देण्याच्या आधी.